स्कॅन झालेल्या अंकांसाठी पैसे मागताना

तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. विश्वस्तांच्या बैठकीत तो असाच ठेवलास तर खजिनदार एकच प्रश्न विचारतील: "स्कॅनिंगचे पैसे आपण दिले, सगळे अंक हार्ड डिस्कवर आले, मग आता पुन्हा कशासाठी?" मसुद्यात याचं उत्तर कुठेच नाही. "हार्ड डिस्क व इतर साहित्य, एकरकमी खर्च" एवढं एका ओळीत लिहून तू थांबली आहेस. मी तुझ्या जागी असतो तर अर्जाची सुरुवात वस्तूंपासून केली नसती. आधी आपल्याकडे काय आहे ते मोजून सांगितलं असतं, त्यातलं काय धोक्यात आहे ते दाखवलं असतं, आणि पैसे दरवर्षीचे मागितले असते. एकरकमी मागितलेले पैसे पाच वर्षांत संपतात. तोवर विश्वस्त बदललेले असतात आणि डिस्क जुनी झालेली असते.

मोजणीपासून सुरुवात कर. आपला अंक चार पानांचा, मोठ्या आकाराचा. सुट्ट्या वजा करता वर्षाला साधारण 360 अंक धर. 1972 ते 2011 ही चाळीस वर्षं कागदावरून स्कॅन झाली. म्हणजे चौदा हजार चारशे अंक, सत्तावन्न हजार सहाशे पानं. एक पान साधारण 15 बाय 22 इंचांचं. 400 डीपीआयला करड्या छटांमध्ये स्कॅन केलं की न दाबलेली टिफ फाइल जवळपास 53 एमबीची होते. गुणाकार केलास तर तीन टीबीच्या किंचित वर आकडा येतो. तो अर्जात गुणाकारासकट दे. खजिनदार हिशोबाचे पक्के आहेत. जो आकडा स्वतः पडताळून पाहता येतो त्यावर ते वाद घालत नाहीत. "अंदाजे 8 टीबी" हा तुझ्या मसुद्यातला आकडा कुठून आला हे त्यांना कळणार नाही, मलाही कळला नाही.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट दिसते. 2012 पासूनचे अंक आपण थेट पीडीएफ करतो. ते रोजचे दहा-पंधरा एमबी, म्हणजे वर्षाला पाच जीबीच्या आसपास. "दर वर्षी साठा वाढतच जाणार, मग खर्चही वाढणार" ही भीती कोणी बोलून दाखवलीच तर हे दोन आकडे शेजारी ठेव. जड आहे तो जुना भाग, आणि तो आता वाढायचा थांबलाय. चार टीबीच्या डिस्कवर सगळं मावतं, वर जागा उरते. मात्र रंगीत स्कॅनचा आग्रह धरलास तर आकडा तिप्पट होतो. आपली जुनी पानं काळीपांढरी आहेत, त्यांना करड्या छटा पुरे. रंगीत पुरवण्या तेवढ्या रंगात असू देत.

पैसे मागण्याआधी एक दिवस काढून त्या स्कॅन डिस्कवर बस. डिस्कवर आहे त्यातलं किती वाचण्याजोगं आहे हे संपादकाने स्वतः बघायला हवं, ते ऑफिसातल्या मुलावर सोडू नकोस. चाळीस वर्षांतली काही पानं काढ. निम्मी डोळे मिटून निवड, निम्मी ठरवून. ठरवून घेशील त्यांत 1972 च्या दुष्काळातला एखादा अंक असू दे, 26 जून 1975 च्या आसपासचा असू दे, आणि 1 ऑक्टोबर 1993 चा असू दे. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबरच्या पहाटे झाला. त्या दिवशीचा अंक आधीच छापून झाला होता, म्हणून बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात सापडते. लोक पुढे विचारायला येतात ते अशाच तारखांसाठी.

पान उघडलं की ते शंभर टक्क्यांवर मोठं कर आणि मजकुरातले अनुस्वार बघ. वृत्तपत्राचा कागद पिवळा पडतो, मागच्या पानाची शाई उमटलेली असते. ज्याने स्कॅन केलं त्याने फाइल लहान व्हावी म्हणून ती निव्वळ काळ्या-पांढऱ्यात केली असेल, तर यंत्र प्रत्येक ठिपक्याबद्दल "काळा की पांढरा" एवढंच ठरवतं. त्या निवाड्यात आधी बळी जातात ते अनुस्वार, रफार आणि बारीक वेलांट्या. "त्यांनी" चा "त्यानी" होतो, "कर्ज" चा "कज" होतो. छायाचित्राच्या जागी तर नुसता डाग राहतो. हे स्कॅनिंग स्वस्त पडलेलं असतं. फाइल दोनशे-तीनशे केबीची, डिस्क भरतच नाही, आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. म्हणून फाइलचा आकार बघायची सवय लाव. पूर्ण पानाची फाइल अर्ध्या एमबीच्याही आत असेल तर आधी संशय घे, मग उघड.

अशी वर्षं सापडली तर ती अर्जात लपवू नकोस. "1978 ते 1981 चं स्कॅनिंग पुन्हा करावं लागेल, त्याचा प्रस्ताव वेगळा देऊ" असं स्वच्छ लिही. वाईट फाइलीच्या तीन प्रती केल्या म्हणून ती चांगली होत नाही. त्याच परिच्छेदात दुसरं वाक्य टाक: बांधलेल्या मूळ फायली रद्दीत जाणार नाहीत. हे ठरावात यायला हवं. स्कॅन झाल्यावर कपाटं रिकामी करून तिथे टेबलं लावायचा मोह प्रत्येक कचेरीत होतो. एका साप्ताहिकाच्या कचेरीत मी हे घडलेलं पाहिलंय. फायली किलोवर गेल्या, आणि वर्षभराने कळलं की पाचव्या पानापुढची पानं स्कॅनमध्ये कापली गेलीत.

आता साठवणुकीकडे येऊ. नियम जुना आणि साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. तुझ्या मसुद्यात ऑफिसात एकाच पेटीत दोन डिस्क आहेत, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. ही सोय चांगलीच आहे. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. पण तिला दोन प्रती म्हणू नकोस. कोणी चुकून 1984 चं फोल्डर उडवलं तर ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून जातं. बातमीदाराच्या संगणकात खंडणी मागणारा व्हायरस शिरला आणि ती पेटी त्याच नेटवर्कवर लिहिण्यासाठी खुली असली, तर दोन्ही डिस्क एकदमच कुलूपबंद होतात. म्हणून त्या पेटीत लिहायचा अधिकार एकाच माणसाला दे, बाकीच्यांना फक्त वाचायचा. आणि हिशोबात ती पेटी म्हणजे एकच प्रत धर.

दुसरी प्रत केबल काढून ठेवता येते अशा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. अशा दोन घे. एक कायम बाहेरगावी, दुसरी ऑफिसात. सहा महिन्यांनी अदलाबदल. ऑफिसातली डिस्क ताजी करून जाते, बाहेरची तपासून येते. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी या कामाला घेऊ नकोस. ती साधनं विद्युतभार धरून ठेवतात, वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तो भार झिरपतो. रोज वापरायला ती उत्तम, कपाटात ठेवायला नाहीत. जुन्या डीव्हीडींचा गठ्ठा तुझ्याकडे आहे हे मला माहीत आहे. त्यांच्यावरचा लेखनथर रसायनाचा असतो आणि आपल्या दमट हवेत तो खराब होतो. ज्या अजून वाचता येतात त्यांच्यावरचं आधी उतरवून घे.

बाहेरगाव म्हणजे कोणतं, यावर जरा थांब, कारण तुझ्या मसुद्यात "मिरज शाखा" लिहिलंय. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. त्याच दिवसांत पंचगंगेने कोल्हापूर वेढलं होतं, महामार्ग बंद होता. सांगलीच्या नगर वाचनालयातले जुने ग्रंथ त्या पाण्यात भिजले. सांगलीत एक प्रत आणि मिरजेत किंवा कोल्हापुरात दुसरी, म्हणजे दोन्ही प्रती एकाच पावसाच्या हवाली. आपल्या जिल्ह्याचा पूर्वभाग नेमका उलटा आहे. जतला किंवा आटपाडीला आपले जुने वार्ताहर आहेत. त्यांच्याकडे, किंवा तिथल्या बँकेच्या लॉकरमध्ये डिस्क ठेव. हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी घालून. आणि ऑफिसातली पेटी तळमजल्यावर असेल तर ती वर न्यायचा खर्चही याच अर्जात टाक. विश्वस्तांपैकी प्रत्येकाने 2019 पाहिलंय. या परिच्छेदाला ते हरकत घेणार नाहीत.

तिसरी प्रत इंटरनेटवरच्या भाड्याच्या साठ्यात. इथे दोन प्रकार असतात. एक रोज हाताशी लागणारा, महाग. दुसरा थंड साठा, जिथे माल ठेवायला स्वस्त पण मागितल्यावर मिळायला बारा तास, कधी दोन दिवस लागतात. आपल्याला दुसरा पुरतो. त्याचं भाडं टीबीमागे महिन्याला एक-दोन डॉलरच्या घरात असतं. पण अर्जात एक गोष्ट लिहायलाच हवी: सगळा साठा परत उतरवून घ्यायची वेळ आली तर त्याचा खर्च वेगळा पडतो, आणि तो वर्षभराच्या भाड्याच्या कित्येक पट असतो. हा पैसा दरवर्षी लागणार नाही, पण लागला तर कुठून येईल हे आधी ठरलेलं असावं. खातं संस्थेच्या ईमेलवर काढ, कोणाच्या खासगी ईमेलवर नको. माणूस नोकरी सोडून जातो, कार्डाची मुदत संपते, पैसे कापले जात नाहीत, इशारे जुन्या ईमेलवर जात राहतात आणि शेवटी साठा पुसला जातो. यात यंत्र कुठेच बिघडलेलं नसतं.

टेपचं नाव कोणीतरी काढेल. मोठी दैनिकं आणि चित्रवाहिन्या एलटीओ टेप वापरतात, आणि योग्य हवेत ती तीसेक वर्षं टिकावी अशीच बनवलेली असते. टेप महाग नाही, ती वाचणारं यंत्र लाखांत जातं. नवी यंत्रं फार जुन्या पिढीची टेप वाचतही नाहीत. तीन टीबीसाठी हा खर्च करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता अर्जाचा गाभा. प्रती किती केल्या यापेक्षा त्या अजून शाबूत आहेत हे कसं कळणार, हे लिहायला बहुतेक अर्ज विसरतात. डिस्क एकदम मरते तेव्हा निदान कळतं तरी. पण एखादी फाइल आतल्या आत बिघडते तेव्हा नाव तेच राहतं, आकार तोच राहतो, आणि बिघाड कळतो तो वीस वर्षांनी कोणी ती उघडल्यावर. तोपर्यंत बिघडलेल्या फाइलीची नक्कल बाकीच्या प्रतींवरही गेलेली असते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक फाइलचा अंकठसा काढून ठेवणं. संगणक फाइलमधली प्रत्येक नोंद वाचतो आणि त्यातून चौसष्ट अक्षरांची एक ओळ तयार करतो. फाइलीत एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. लिनक्स असलेल्या कोणत्याही जुन्या संगणकावर, त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जाऊन पहिली ओळ एकदाच चालवायची आणि दुसरी प्रत्येक तपासणीला:

```
find . -name "*.tif" -exec sha256sum {} + > ../thase-1972.txt
sha256sum -c --quiet ../thase-1972.txt
```

दुसऱ्या आज्ञेनंतर पडद्यावर काहीच आलं नाही तर सगळं ठीक. एखाद्या नावापुढे `FAILED` आलं तर तेवढी फाइल दुसऱ्या प्रतीवरून घ्यायची, तीही आधी ठसा पडताळून. चाळीस वर्षांचे असे चाळीस ठसे-कागद होतील. तीन टीबी वाचायला साध्या डिस्कला सात ते दहा तास लागतात. रात्री लावायचं, सकाळी बघायचं. ठशांच्या या फाइली तिन्ही ठिकाणी ठेव. ठसे काढण्याआधी फाइलींची नावं मात्र नीट करून घे. `Scan_00457.tif` हे नाव कोणाच्याही उपयोगाचं नाही. `1993-10-01_p01.tif` असं असलं की फोल्डरमधल्या फाइली आपोआप तारखेने लागतात, आणि न निघालेला किंवा न सापडलेला अंक लगेच डोळ्यात भरतो. दिवाळीच्या सुट्टीमुळे अंक नव्हता की फायलीतून कोणी पान फाडून नेलं, हे सांगणारी एक साधी वही त्यासोबत ठेव. नावं बदलण्याचं हे काम सगळ्यांत वेळखाऊ आहे. एका माणसाचे दोन महिने त्यात जातील, आणि त्यांचा पगार अर्जात दिसायला हवा. तू तो धरलाच नाहीस.

1990 नंतरच्या काही वर्षांची पेजमेकरची मूळ पानंही सीडींवर आहेत. त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. ती पानं तेव्हाच्या श्री-लिपीसारख्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट संगणकावर नसला तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. फॉन्टसह उघडणारा एखादा जुना संगणक चालू असेल तोवर त्या पानांच्या फॉन्ट आत बसवलेल्या पीडीएफ करून घे. मजकूर शोधता यावा म्हणून अक्षरओळख करण्याचं काम मात्र या अर्जात मिसळू नकोस. ते नंतर कधीही करता येतं. टिफ फाइली शाबूत राहिल्या तरच.

आता पैशांचं पान. मी इथे धरतो ते आकडे रीत दाखवायला आहेत. तू दोन दुकानांतून लेखी दर घेऊन ते भर. दोन डिस्क बसणारी पेटी पंचवीस हजार, तिच्यातल्या चार टीबीच्या दोन डिस्क चोवीस हजार, बाहेरच्या दोन बावीस हजार, छोटा यूपीएस पाच हजार. साहित्य झालं शहात्तर हजारांचं. नावं आणि ठसे करणाऱ्या माणसाचे दोन महिने, तीस हजार. पहिल्या वर्षी एक लाख सहा हजार.

मसुदा इथेच संपतो, आणि खरं मागणं इथून सुरू होतं. डिस्क पाच वर्षांनी बदलायच्या, चालू असल्या तरी. शेहेचाळीस हजारांच्या डिस्क म्हणजे वर्षाला नऊ हजार दोनशे बाजूला ठेवायचे. पेटी आणि यूपीएसचेही तसेच, वर्षाला सहा हजार. नेटवरच्या साठ्याचं भाडं करासकट साडेसात हजार धर. वर्षातून दोनदा तपासणी आणि डिस्क नेण्या-आणण्याचे चार हजार. एकूण सव्वीस हजार सातशे, म्हणजे महिन्याला सव्वादोन हजारांच्या आसपास. आपल्या दरपत्रकात वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातीचा दर बघ आणि महिन्याला अशा किती जाहिराती लागतील ते याच्या शेजारी लिही. विश्वस्तांना हे माप चटकन समजतं.

खजिनदार विचारतील की पहिल्या वर्षीची रक्कम कमी करता येईल का. येते, पण कुठून कमी करायची हे तू आधी ठरवून जा. पेटी पुढच्या वर्षावर टाकता येईल, आत्ता बाहेरच्या तीन डिस्कवर काम भागेल. नावं आणि ठसे करणाऱ्याचा पगार कापू देऊ नकोस, बाहेरगावची प्रतही सोडू नकोस. वार्षिक रकमेवर घासाघीस झाली तर डिस्क सहा वर्षं चालवू म्हण, तपासणी वर्षातून एकदा करू म्हणू नकोस.

बैठकीला जाताना अर्जासोबत एक गोष्ट प्रत्यक्ष ने. आत्ता जी एकुलती स्कॅन डिस्क आहे तिची नक्कल करून बघ. नक्कल होताना जिथे जिथे डिस्क अडखळेल, फाइल वाचता येत नाही असा संदेश येईल, ती नावं लिहून घे. जुन्या डिस्कवर अशी काही निघाली तर ती तारखांसकट छापून अर्जाला जोड, आणि त्याच तारखांची कागदी फाइल टेबलावर ठेव. एकही निघाली नाही तरी तसंच लिही, आणि आज एवढी एकच प्रत आहे हेही लिही. घाबरवण्यासाठी आकडे फुगवलेस तर पुढच्या वर्षीचे पैसे मिळणार नाहीत.

ठरावाची भाषा तूच लिहून ने, नाहीतर इतिवृत्तात "हार्ड डिस्क खरेदीस मंजुरी" एवढंच उरेल. त्यात चार गोष्टी याव्यात: वार्षिक तरतूद कोणत्या खात्यातून होईल, डिस्क बदलायचं वर्ष कोणतं, जूनच्या पहिल्या आठवड्यातली आणि डिसेंबरमधली तपासणी कोण करेल, आणि तिचा अहवाल कोणत्या बैठकीपुढे येईल. जून मुद्दाम म्हणतोय, पाणी चढायच्या आत बाहेरगावची प्रत ताजी असली पाहिजे. पासवर्ड आणि लॉकरची किल्ली कुठे आहे हे लिहिलेलं पाकीट चिटणीसांकडे मोहोरबंद द्यायचं, आणि ते दिल्याची नोंद त्याच ठरावाखाली घ्यायची.